बाहेर रांग, आत रिकामी खुर्ची: दातांच्या छोट्या क्लिनिकचं वेळापत्रक कसं बसवावं

एक डॉक्टर, एक खुर्ची, एक असिस्टंट आणि काउंटरवर एक ताई. तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या उपनगरात दातांचं क्लिनिक बहुतेक असंच असतं. तिथली नेहमीची तक्रार अशी, की लोक वेळ घेतात आणि येत नाहीत, आणि जे येतात ते ताटकळतात. या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण त्यांचं मूळ बहुतेकदा एकच असतं. ते कसं, हे एका संध्याकाळच्या रजिस्टरवरून पाहू.

संध्याकाळची वेळ पाच ते साडेआठ. ताईंनी दर अर्ध्या तासाला एक अशी नावं लिहिलेली आहेत: पाचला रूट कॅनॉलची दुसरी सिटिंग, साडेपाचला क्लीनिंग, सहाला दात काढणं, साडेसहाला कॅप बसवणं, सातला आणि साडेसातला एकेक फिलिंग, आठला टाके काढणं. डॉक्टर पाच दहाला आले. रूट कॅनॉल पंचावन्न मिनिटं चाललं, म्हणजे सहा पाच वाजले. साडेपाचवाला पस्तीस मिनिटं थांबून आत गेला आणि सहा चाळीसला बाहेर आला. सहावाला चाळीस मिनिटं थांबला, त्याचं काम सात वीसला संपलं. कॅपवाला आलाच नाही. सातवाल्याचं फिलिंग सात पंचावन्नला झालं. साडेसातचे गृहस्थ सात पन्नासला कंटाळून ‘उद्या फोन करतो’ म्हणत निघून गेले. पाच मिनिटं थांबले असते तर त्यांचा नंबर लागला असता. टाकेवाला आठला आला, दहा मिनिटांत गेला, आणि पुढची वीस मिनिटं खुर्ची रिकामी राहिली.

म्हणजे एकाच संध्याकाळी कुणी चाळीस मिनिटं थांबलं, कुणी आलं नाही, कुणी उठून गेलं आणि शेवटी खुर्चीही रिकामी राहिली. साडेसातच्या गृहस्थांना पुढच्या वेळी बोलावलं तर ते सव्वाआठला येतील, कारण ‘तिथं कुठं वेळेवर घेतात’ हे ते आता शिकलेत. पेशंट वेळ पाळत नाहीत असं आपण म्हणतो, पण ही सवय बऱ्याचदा आपणच त्यांना लावलेली असते.

पहिलं काम: दोन आठवडे फक्त लिहून ठेवा

काहीही बदलण्याआधी साध्या वहीत चार रकाने आखा. दिलेली वेळ, आल्याची वेळ, खुर्चीत बसल्याची वेळ आणि खुर्ची पुढच्यासाठी तयार झाल्याची वेळ. शेवटचा रकाना नीट समजून घ्या. पेशंट उठला ती वेळ इथं लिहायची नाही. ट्रे उचलला, खुर्ची आणि लाइटचं हँडल पुसलं, नवा ट्रे लागला, ती वेळ लिहायची. या मधल्या पाच-सात मिनिटांचा हिशेब कुणीच धरत नाही, आणि सहा पेशंटमागे अर्धा तास तिथंच जातो. ही नोंद असिस्टंटनं ठेवावी. डॉक्टर स्वतः लिहायला बसले की त्यांचे आकडे हटकून कमी येतात. आपल्याला फिलिंग ‘वीस मिनिटांत’ होतं असं आपल्या सर्वांनाच वाटतं.

दोन आठवड्यांनी प्रत्येक कामाचे आकडे वेगळे काढा. समजा दहा क्लीनिंगना लागलेली मिनिटं चढत्या क्रमानं अशी आहेत: 22, 24, 25, 26, 28, 30, 31, 34, 38, 55. सरासरी येते साधारण 31. पण सरासरीवर वेळ ठरवली तर दहातले तीन पेशंट ती ओलांडणार, आणि संध्याकाळी सुरुवातीला गेलेली मिनिटं शेवटपर्यंत भरून निघत नाहीत, ती पुढच्या प्रत्येकाच्या अंगावर पडतात. म्हणून दहातला आठवा आकडा धरा, म्हणजे 34, आणि तो वरच्या दहाच्या पटीत न्या: चाळीस मिनिटं. शेवटचा 55 सोडून द्या, कुणीतरी पंधरा वर्षांनी दात साफ करायला आला असेल. गूगल शीटमध्ये आकडे टाकत असाल तर हे सूत्र जवळपास तेच उत्तर देईल:

```
=PERCENTILE(B2:B11,0.8)
```

अशा रीतीनं प्रत्येक कामाची वेळ ठरते. आपल्या उदाहरणात टाके काढायला दहा मिनिटं, कॅपला तीस, क्लीनिंग, फिलिंग आणि साधा दात काढण्याला चाळीस, रूट कॅनॉलच्या सिटिंगला साठ असं धरू. तुमचे आकडे वेगळे येतील आणि तेच वापरा, दुसऱ्या डॉक्टरचे उसने घेऊ नका. मग रजिस्टर बदला. अर्ध्या तासाच्या ओळी काढून दहा मिनिटांच्या ओळी आखा आणि कामाला लागतील तितक्या ओळी कंसानं जोडा. ताईंना ‘नाव लिहा’ एवढंच सांगितलेलं असतं तोवर सगळे पेशंट सारखेच दिसतात. चार ओळी व्यापणारा कंस दिसला की पाचवं नाव तिथं आपोआप घुसत नाही.

संध्याकाळ पुन्हा मांडून पाहू

मोठी कामं सकाळी न्या. रूट कॅनॉलच्या पहिल्या दोन सिटिंगना सकाळचा दहा-साडेदहाचा वेळ बरा, कारण तेव्हा आधीचा उशीर साचलेला नसतो. दात काढणं संध्याकाळी असलं तरी शेवटी ठेवू नका. कापूस दाबून पेशंटला थोडा वेळ बाहेर बसवावं लागतं, रक्त थांबलंय हे पाहूनच घरी सोडायचं असतं, आणि काही अडलं तर रात्री साडेआठला धावपळ होते.

आता ही संध्याकाळ पाहा. पाचला टाके काढणं आणि एक फिलिंग, दोघांनाही पाचचीच वेळ. टाके दहा मिनिटांत होतात, मग फिलिंग पाच पन्नासपर्यंत. पाच पन्नासला दात काढणं, पेशंटला सांगताना पावणेसहा. ते साडेसहाला संपेल. साडेसहा ते सहा पन्नास मोकळं. सहा पन्नासला कॅप, सात वीसला दुसरं फिलिंग, आठला संपेल. आठ ते आठ वीस पुन्हा मोकळं, मग आवराआवर. रूट कॅनॉल आणि क्लीनिंग सकाळी गेलं.

पाचला दोघांना बोलावण्याची युक्ती जुनी आहे. नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञानं 1952 साली ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांच्या बाह्यरुग्ण विभागाचा अभ्यास करून हेच सुचवलं होतं: सुरुवातीला दोघं, नंतर ठरलेल्या अंतरानं एकेक. पहिला आला नाही तरी दुसरा हजर असतो, त्यामुळे दिवसाची सुरुवात रिकाम्या खुर्चीनं होत नाही. मात्र दोघांपैकी एकाचं काम छोटं हवं, नाहीतर दुसरा पहिल्याच फटक्यात तासभर अडकतो. आणि हे सगळं डॉक्टर पाचला जागेवर असतील तरच. पाच दहाला येणाऱ्या डॉक्टरांना कुठलंही वेळापत्रक वाचवत नाही.

मोकळे ठेवलेले दोन तुकडे पाहून कुणीही म्हणेल की वेळ वाया चालली. 210 मिनिटांपैकी आपण आधी भरली 160, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश. पण दातांच्या क्लिनिकमध्ये रोज एक तरी माणूस गालाला हात लावून येतोच. त्याला जागा ठेवली नाही तर तो कुणाच्या तरी वेळेत घुसतो, आणि त्याला ‘परवा या’ म्हणणं आपल्याच्यानं होत नाही. वीस मिनिटांत एक्स-रे, तपासणी आणि दुखणं थांबवण्यापुरता उपाय होतो, पुढचं काम वेळ देऊन. कुणी आलं नाही तर तोवर साठलेला उशीर त्या वीस मिनिटांत जिरतो. खुर्ची काठोकाठ भरली की थांबण्याची वेळ थोडी थोडी वाढत नाही, एकदम उसळते. नव्वद टक्क्यांपुढे पाच मिनिटांचा धक्काही रात्रीपर्यंत पुरतो.

वेळापत्रकाला आणखी एक लगाम असतो, तो रजिस्टरमध्ये दिसत नाही: उपकरणं वाफेनं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह. धुणं, पॅकिंग, सायकल आणि वाळणं धरून एका फेरीला पाऊण-एक तास सहज जातो. दात काढायचे तीन सेट असतील तर लागोपाठ चौथा दात काढायची वेळ देऊन उपयोग नाही. पेशंट खुर्चीत आणि सेट मशीनमध्ये, असं दिसायला लागलं तर सेट वाढवा किंवा कामं अदलाबदल करून लावा. सलूनवाल्यांकडे हाच प्रश्न उलटा असतो. केसांना रंग लावल्यावर अर्धा-पाऊण तास थांबावंच लागतं, आणि त्या वेळात दुसऱ्या खुर्चीवर एक कटिंग बसतं. आपल्याकडे भूल चढायची पाच-दहा मिनिटं अशी मिळतात. तेव्हा डॉक्टरांनी केबिनमध्ये जाऊन ‘फक्त रिपोर्ट दाखवायचाय’वाल्यांना भेटून घ्यावं. एरवी हीच मंडळी दारात उभी राहून दोन पेशंटच्या मधली वेळ खातात.

न येण्याची कारणं कामागणिक वेगळी

‘लोक बेफिकीर असतात’ म्हणून मोकळं होऊ नका. कोण आलं नाही ते कामाप्रमाणे मोजा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात वर निघेल रूट कॅनॉलची दुसरी सिटिंग. कारण सरळ आहे: पहिल्या सिटिंगमध्ये आतली नस काढली की ठणका थांबतो. तीन रात्री न झोपलेला माणूस आता मस्त झोपतो आणि दात बरा झाला असं समजतो. तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिजतं, कडेनं लाळ आत जाते, आणि तीन महिन्यांनी तोच माणूस सूज घेऊन परत येतो. याला आठवणीचा मेसेज पुरत नाही. पहिल्या सिटिंगनंतर, खुर्चीतून उठण्याआधी, डॉक्टरांनी स्वतः सांगायला हवं: “काका, उद्या तुमचं दुखणं थांबेल. पण दात बरा झालेला नसेल, आत मोकळी पोकळी आहे आणि वर कच्चं सिमेंट. पुढच्या बुधवारी आलात तर दात वाचेल.” आणि पुढची तारीख तिथंच, आठवड्याच्या आत. तारीख जितकी लांब, तितकं येणं कमी, हा अनुभव कुठल्याही दवाखान्यात सारखाच.

कॅपवाले न येण्याचं कारण वेगळं. बऱ्याचदा लॅबमधून कॅपच आलेली नसते, पेशंट एकदा हेलपाटा मारून जातो आणि दुसऱ्यांदा येत नाही. माप घेताना कॅपची पक्की वेळ देऊच नका. ‘कॅप आली की फोन करतो’ असं सांगा, डबी हातात पडली, मॉडेलवर बसवून पाहिली, की मग वेळ द्या.

आणि पंचांग टेबलावर ठेवा. संकष्टीला दात काढायची वेळ देऊ नये. चंद्रोदयापर्यंत उपाशी माणूस खुर्चीत भोवळ येऊन पडू शकतो, आणि ते कळल्यावर आपल्यालाच त्याला परत पाठवावं लागतं. अमावास्येला दात काढायला बरेच जण येत नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यातले पेशंट उलट आनंदानं येतात, एसटीचं एकच भाडं पडतं, मात्र त्यांना परतीच्या गाडीआधी सोडावं लागतं. गौरी-गणपतीत आणि लग्नसराईत गोष्टी पुन्हा बदलतात. ही माहिती ताईंना असतेच, फक्त त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

वेळ देताना आणि आठवण करताना

वेळ देताना ‘कधी जमेल?’ विचारलं की उत्तर येतं ‘बघून सांगतो’. त्याऐवजी “बुधवारी सकाळी साडेदहा की शुक्रवारी संध्याकाळी पाच?” असं विचारा, आणि निवडल्यावर पेशंटला स्वतःच्या तोंडानं वेळ म्हणायला लावा. कार्डावरही त्यालाच लिहू दिलं तर आणखी चांगलं. नंबर कुणाचा आहे ते विचारून घ्या. आजींचा म्हणून दिलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा निघतो आणि आठवणीचा मेसेज आजींपर्यंत पोचतच नाही.

आठवण आदल्या दिवशी करा, सकाळी दहा-अकराच्या सुमारास. तेव्हा नकार आला तर ती जागा भरायला दिवस हातात राहतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये तयार मेसेज साठवता येतात. `/udya` टाइप केलं की पुढचा मजकूर येईल असं करून ठेवा:

“नमस्कार. उद्या, बुधवारी, सकाळी 10:30 ला तुमची क्लिनिकमध्ये वेळ आहे. येणार असाल तर 1 पाठवा, वेळ बदलायची असेल तर 2. दुपारी 4 पर्यंत कळवा, म्हणजे तुमची जागा राखून ठेवता येईल.”

मेसेजमध्ये आजाराचं किंवा उपचाराचं नाव घालू नका. फोन घरात कुणाच्याही हातात असतो. उत्तर मागितलेलं असणं सगळ्यात महत्त्वाचं. नुसत्या ‘विसरू नका’ मेसेजला दोन निळ्या रेघा येतात आणि आपल्याला काहीच कळत नाही. चारपर्यंत उत्तर नाही आलं तर ताईंनी एक फोन करायचा. साठीच्या पुढच्यांना मेसेज न करता थेट फोनच. फोनही लागला नाही तर ती वेळ ‘कच्ची’ म्हणून पेन्सिलनं खूण करायची. ‘2’ आला तर रागवायचं नाही, आभार मानायचे. रद्द करणं सोपं असलं तरच लोक रद्द करतात, नाहीतर गायब होतात.

कच्च्या वेळेचं काय करायचं? इथं अनेक जण सरळ दुसरं नाव त्याच वेळेला लिहून टाकतात. गणित मांडून पाहा. पाचातला एक येत नाही असं धरलं, तर एका जागेवर दोन नावं लिहिल्यावर दोघंही येण्याची शक्यता 0.8 गुणिले 0.8, म्हणजे 64 टक्के. एका खुर्चीच्या क्लिनिकमध्ये तीनातल्या जवळपास दोन वेळा आपण स्वतःच भांडण बोलावतो. त्यापेक्षा जवळ राहणाऱ्यांची एक वेगळी यादी ठेवा: ‘पंधरा मिनिटांत येऊ शकतात, क्लीनिंग किंवा छोटं फिलिंग बाकी आहे’. समोरचा किराणा दुकानदार, बँकेतले कर्मचारी, पलीकडच्या सोसायटीतल्या निवृत्त बाई. जागा रिकामी पडली की यादीतल्या एकालाच फोन करा, तो नाही म्हणाला की पुढच्याला. पाच जणांना एकदम मेसेज टाकला तर तिघं येऊन उभे राहतात. कच्च्या वेळेवर दुसरं नाव लिहायचंच असेल तर ते दहा मिनिटांच्या कामाचं लिहा, म्हणजे दोघं आले तरी निभावतं.

आगाऊ पैशांबद्दल माझं मत असं, की दुखणाऱ्या माणसाकडून वेळ राखायचे पैसे मागू नयेत, ते शोभत नाही. तास-तासाच्या ठरवून केलेल्या कामांना मात्र हप्ते सिटिंगप्रमाणे बांधावेत: रूट कॅनॉलचा मोठा भाग पहिल्या सिटिंगला, कॅपचे निम्मे माप घेताना. पैसे अडकलेला पेशंट दुसऱ्या सिटिंगला विसरत नाही. सलूनमध्ये नवरीचा मेकअप किंवा केराटिनसारख्या कामाला आगाऊ रक्कम घेणं रूढच आहे. वेळ बदलली तर ती रक्कम पुढे चालते की बुडते, हे घेतानाच सांगितलं की पुढचे वाद टळतात.

बाहेर बसलेल्यांचं काय

उशीर झाला तर विचारण्याआधी सांगा आणि आकडा थोडा वाढवूनच सांगा. “सर आत आहेत, होईलच” या वाक्यानं माणूस चिडतो. “वीस-पंचवीस मिनिटं उशीर आहे, बाजारात काम असेल तर करून या, मी फोन करते” असं म्हटल्यावर तोच माणूस शांतपणे भाजी घेऊन येतो. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर दिसला की ताईंनी पुढच्या दोघांना घरीच फोन करावा.

कुणाला कधी आत घ्यायचं, याचा नियम एकच असू द्या आणि तो भिंतीवर लावा. वेळ घेतलेला आणि वेळेवर आलेला आधी. दहा मिनिटांपर्यंत उशीर चालेल. त्यापुढे आला तर पुढच्या मोकळ्या तुकड्यात किंवा शेवटी, आणि काम त्या वेळात बसत नसेल तर नवी तारीख. दुखणं घेऊन अचानक आलेला मोकळ्या वीस मिनिटांत. सूज, थांबत नसलेलं रक्त किंवा पडून दात निखळलेलं मूल आलं तर सगळे नियम बाजूला. निखळलेला पक्का दात अर्ध्या-एक तासात परत बसवला तर वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि बाहेरच्यांना तसं सांगितलं की कुणी कुरकुरत नाही.

या नियमाची खरी परीक्षा नगरसेवकाचा भाचा, डॉक्टरांचे शाळासोबती आणि ‘मी फक्त दोन मिनिटं’ यांच्या वेळी होते. यातल्या एकाला आधी आत घेतलं की बाकीचे सात जण ते पाहतात, आणि पुढच्या वेळी वेळ न घेता ओळख घेऊन येतात. डॉक्टरांनी स्वतः केबिनचं दार उघडून कुणालाही आत बोलवायचं नाही, नाव नेहमी ताईच पुकारतील, एवढं ठरवलं तरी बरंच साधतं. ताईंनी नाही म्हटलेल्याला डॉक्टरांनी हो म्हटलं, की त्या दिवसापासून ताईंचं कुणी ऐकत नाही.

महिन्यानं पुन्हा वही काढा

तीनच गोष्टी बघा: न आलेले किती आणि कुठल्या कामाचे, वेळेवर आलेल्यांना किती थांबावं लागलं, आणि खुर्ची किती मिनिटं रिकामी होती. थांबणं मोजताना लवकर आलेल्याचा वेळ दिलेल्या वेळेपासून धरा. सहाच्या गाडीनं आलेली आजी सातच्या वेळेसाठी तासभर बसली, तर तो एसटीचा तास आहे, आपला नाही.

थांबणं कमी झालं पण खुर्ची जास्त रिकामी पडतेय, तर आठ ते आठ वीसचा तुकडा भरायला घ्या, मधला साडेसहाचा नको. दोन्ही वाढलं असेल तर कामांच्या वेळा चुकीच्या धरल्यात किंवा सुरुवात उशिरा होतेय, आणि हे वहीतल्या पहिल्या पेशंटच्या ओळीवरूनच कळतं. दात काढणाऱ्या कामांची वेळ वारंवार ओलांडत असेल तर अक्कलदाढ आणि साधा दात एकाच नावाखाली लिहिले जातायत का ते पाहा. अक्कलदाढेला वेगळा कंस हवा, तोही सकाळचा.